चित्र गेलं, सूचना उरली

लहान मुलांसाठी बुद्धिबळाच्या कोड्यांची एक जुनी पुस्तिका नव्याने छापायचं काम चालू होतं. जुन्या पानांवरून मजकूर संगणकावर उतरवताना सतराव्या कोड्याचं चित्र गळालं. उरली ती एक रिकामी चौकट आणि तिच्याखालची ओळ: ‘पांढऱ्याची खेळी. दोन खेळींत मात.’ मूळ प्रतीचं ते पान फाटलेलं होतं आणि उत्तरांची पानं केव्हाच हरवली होती. पानांची मांडणी मृणाल करत होती. तिचे काका गेली कित्येक वर्षं मुलांना बुद्धिबळ शिकवतात. या एका ओळीचं करायचं काय, यावर दोघांची जी जुंपली, ती अशी.

मृणाल : काका, सतरा नंबर मी काढणार नाही. ओळ शाबूत आहे ना? कोणाची खेळी ते कळतंय, किती खेळी ते कळतंय. काहीतरी मार्ग निघेल.

काका : अगं, मार्ग कशावर काढणार? पटच नाही. या ओळीत राजा कुठे आहे ते नाही, सोंगट्या किती ते नाही. असं कोडं खोडून टाकायचं आणि अठराला सतरा नंबर द्यायचा.

मृणाल : पट दिला नसेल तर सुरुवातीचा पट धरायचा, असं एखादं पोर म्हणेलच की. बत्तीस सोंगट्या मांडल्या आणि पांढऱ्याने सुरुवात केली.

काका : म्हणू दे, आणि तिथेच त्याची चूक दाखवता येईल. सुरुवातीच्या पटावरून दोन खेळींत मात होते हे खरं आहे, पण ती काळा करतो. पांढऱ्याने एफ-३, काळ्याने ई-५, पांढऱ्याने जी-४, आणि काळ्याचा वजीर एच-४ वर. संपला डाव. पण त्यासाठी पांढऱ्याला दोन्ही खेळ्या मूर्खासारख्या कराव्या लागतात. काळ्याने जबरदस्ती काहीच केलेली नसते, त्याला आयती मदत मिळालेली असते. आपल्या ओळीचा अर्थ तसा नाही. समोरचा काहीही खेळो, अगदी उत्तमातली उत्तम खेळी करो, पांढऱ्याच्या दुसऱ्या खेळीला मात झालीच पाहिजे. सुरुवातीच्या पटावर असं काही नाही.

मृणाल : बघा, म्हणजे या ओळीने एक पट तरी बाद केलाच.

काका : एक केला! कायदेशीर पट एकूण किती होतात, ठाऊक आहे? जॉन ट्रॉम्प नावाच्या डच संगणकतज्ज्ञाने त्यांचा अंदाज बांधलाय. अठ्ठेचाळीस लिहायचे आणि पुढे ४३ शून्यं द्यायची, साधारण तेवढे. त्यातल्या किती पटांवर दोन खेळींत मात असेल, ते कोणी मोजलेलं नाही, पण त्यांचाही ढीगच निघेल. तुझ्या ओळीला त्या ढिगातला कुठलाही पट चालतो. मग तू उत्तर म्हणून काहीही लिही, कुठल्या ना कुठल्या पटावर ते बरोबर ठरेल. जे उत्तर चूक ठरूच शकत नाही, ते उत्तर नव्हे.

मृणाल : पण अनुभवी माणूस अंदाज बांधतोच ना? दोन खेळींत मात म्हटल्यावर पहिल्यांदा वजिराने शह द्यायचा किंवा काहीतरी मारायचं. तुमची मुलं हेच करून बघतात, मी पाहिलंय.

काका : करतात, कारण वर्गात मी त्यांना खऱ्या डावांतून उचललेली कोडी देतो. तिथे पहिली खेळी बहुतेकदा शहाची असते किंवा वजीर-हत्ती बळी देण्याची असते. पण कोणी मुद्दाम बसून रचलेलं कोडं घेतलंस, तर तिथला शिरस्ता नेमका उलटा. पहिल्याच खेळीला शह देणं रचनाकार कमीपणाचं मानतात, सोंगटी मारून सुरुवात करणंही त्यांना फारसं रुचत नाही. त्यांना हवी असते एखादी शांत, बिनमहत्त्वाची वाटणारी खेळी. आता सांग, हा सतरा नंबर डावातला होता की रचलेला?

मृणाल : ओळीवरून कळत नाही.

काका : मग अंदाज तरी कुठल्या बाजूने बांधणार?

मृणाल : ठीक आहे, उत्तर सोडा. पण ओळीत काहीच नाही, हे मला मान्य नाही. ही ओळ पटाबद्दल बऱ्याच अटी घालते. पांढऱ्याची पाळी आहे, म्हणजे काळ्या राजाला आत्ता शह बसलेला असता कामा नये. तसा असेल तर काळ्याने मागची खेळी शहात राहून केली असं होईल, आणि ते नियमात बसत नाही. एका खेळीत मात असेल तरी पट बाद, नाहीतर दोन खेळी म्हणण्यात अर्थ काय? काळ्याच्या प्रत्येक उत्तरावर पांढऱ्याकडे मात हवी. आणि पहिली खेळी एकच हवी, दोन वेगवेगळ्या खेळ्यांनी मात जमत असेल तर कोडं सदोष. चार अटी झाल्या. एवढं सगळं त्या एका ओळीत आहे.

काका : आहे, पण त्या अटी लावायला काहीतरी समोर पाहिजे ना? चाळणी कितीही चांगली असली तरी पीठच नसेल तर चाळणार काय?

मृणाल : मग पीठ मी आणते. तुम्हाला तोंडपाठ असलेलं एखादं दोन खेळींचं कोडं सांगा. छोटंसं.

काका : पॉल मॉर्फीच्या नावावर एक आहे. न्यू ऑर्लिन्सचा हा खेळाडू १८३७ मध्ये जन्मला आणि १८८४ मध्ये गेला. त्याच्या डावांची पारायणं अजून चालतात, पण रचलेलं कोडं म्हणून हेच एक सगळ्यांना माहीत असतं. अवघ्या सात सोंगट्या आहेत. पट मांड. पांढरा राजा सी-८, पांढरा हत्ती ए-१, पांढरं प्यादं बी-६. काळा राजा कोपऱ्यात ए-८, त्याच्या शेजारी बी-८ वर काळा उंट, आणि ए-७, बी-७ वर दोन काळी प्यादी. पांढऱ्याची खेळी, दोन खेळींत मात.

मृणाल : हत्तीने ए-७ चं प्यादं मारलं तर? शह आहे.

काका : उंट हत्तीला खातो. मग तू प्याद्याने उंट खाशील, पण त्याने शहसुद्धा बसत नाही.

मृणाल : बी-६ च्या प्याद्याने ए-७ मारलं तर?

काका : काळा बी-७ चं प्यादं पुढे सरकवेल या आशेवर बसलीस तर जमेल. तसं केलं तर तू बी-८ वरचा उंट खाऊन वजीर करशील आणि मात होईल. पण काळा तसं कशाला करेल? तो उंटानेच तुझं प्यादं खाईल. पुढे हत्तीने उंट खाल्लास तर राजा हत्ती खातो. मात नाही.

मृणाल : आता काळ्याकडे काय काय चालण्यासारखं आहे ते बघू. राजा हलत नाही, तिन्ही घरं त्याच्याच सोंगट्यांनी अडवलीत. बी-७ चं प्यादं माझ्या प्याद्याने रोखलंय. ए-७ चं प्यादं माझं प्यादं खाऊ शकत नाही, कारण ते बाजूला झालं की हत्तीचा शह राजावर येतो. पण ते सरळ पुढे जाऊ शकतं. आणि उंट हलू शकतो. उंट हलला तर?

काका : तर हत्तीने ए-७ खायचं. हत्तीला बी-६ च्या प्याद्याचा जोर आहे, त्यामुळे राजा त्याला खाऊ शकत नाही. बी-८ हे घर पांढऱ्या राजाच्या ताब्यात. मात. म्हणजे उंट हलला की काम झालं. अडचण फक्त एक, काळा उंट हलवणारच नाही. तो ए-७ चं प्यादं सरकवत बसेल.

मृणाल : म्हणजे ते प्यादं थांबवायला हवं. हत्ती ए-६ वर!

काका : झालं. हत्ती ए-६ हेच उत्तर. शह नाही, मारामारी नाही, उलट हत्ती प्याद्याच्या तोंडात. आता काळ्याकडे मोजून सात खेळ्या उरतात. त्यातल्या सहा उंटाच्या, सी-७ पासून एच-२ पर्यंत. कुठलीही केली तरी हत्ती ए-७ वर मात. सातवी खेळी म्हणजे बी-७ च्या प्याद्याने हत्ती खाणं. पण ते प्यादं जागेवरून हललं की तुझं बी-६ चं प्यादं बी-७ वर सरकतं आणि मात होते. प्याद्याला पांढऱ्या राजाचा जोर आहे, ए-७ वर काळ्याचंच प्यादं आणि बी-८ वर त्याचाच उंट. राजाला पळायला जागा नाही. काळ्याला खेळायचं नसतं, पण पाळी आली की खेळावंच लागतं, आणि तिथेच तो सापडतो.

मृणाल : छान. आता माझी चाळणी चालवते. समजा छापताना या चित्रातली एक सोंगटी गळाली. राजे सोडून पाच सोंगट्या आहेत. एकेक काढून बघू, ओळीला ते कळतं का. आधी बी-८ चा उंट काढला.

काका : मग हत्तीने ए-७ खायचं आणि खेळ तिथेच खलास. एका खेळीत मात.

मृणाल : पण ओळ म्हणते दोन. म्हणजे काहीतरी गळलंय. आता उंट परत ठेवला आणि बी-७ चं काळं प्यादं काढलं.

काका : बी-६ चं प्यादं बी-७ वर. परत एका खेळीत मात.

मृणाल : परत पकडलं. आता ए-७ चं प्यादं काढलं.

काका : मग हत्तीचा शह थेट काळ्या राजावर आणि पाळी पांढऱ्याची. असा पट डावात येऊच शकत नाही.

मृणाल : तिसऱ्यांदा पकडलं. पांढरं बी-६ काढलं तर?

काका : ए-७ वर हत्तीला जोरच राहत नाही आणि प्याद्याची मातही गेली. दोन खेळींत काहीच होत नाही.

मृणाल : आणि हत्ती काढला तर मारायला उरतं काय? एकटं प्यादं. म्हणजे पाचपैकी कुठलीही एक सोंगटी गळाली तरी ही बिचारी ओळ बोंब मारते. कधी मात लवकर होते, कधी होतच नाही, कधी पटच बेकायदा ठरतो. आणि तुम्ही म्हणता, खोडून टाका!

काका : हे मानलं. पण आता तोच हत्ती ए-१ ऐवजी ए-३ वर ठेव.

मृणाल : ए-३ वरूनही ए-६ ला जाता येतं. पुढचं सगळं तसंच.

काका : ए-२, ए-४, ए-५ वर ठेवलास तरी तसंच. पाच वेगवेगळे पट झाले, पाचांना तीच ओळ लागू आणि पाचांचं उत्तरही तेच. यातला खरा कुठला, हे तुझी ओळ सांगूच शकत नाही. सोंगटी गळाली तर तिला कळतं, सोंगटी सरकली तर दरवेळी कळेलच असं नाही. आणि हे सगळं कधी? तर बाकीचं चित्र शाबूत असताना. सतरा नंबरमध्ये आपल्याकडे सहा सोंगट्याही नाहीत. शून्य आहेत.

मृणाल : म्हणजे ओळ चित्र तपासू शकते, पण चित्र तयार करू शकत नाही.

काका : मी सुरुवातीपासून तेच म्हणतोय.

मृणाल : नाही काका, तुम्ही म्हणत होतात की ओळ निकामी आहे. ती निकामी नाही. आणि तुमच्या लाडक्या चित्रालाही ओळीची गरज लागतेच. मॉर्फीचं चित्र नुसतंच ठेवलं, खाली काही लिहिलं नाही, आणि पाळी काळ्याची धरली तर? काळा ए-७ चं प्यादं सरकवेल आणि तुमची मात गेली.

काका : पाळी सांगायला हवी, हे खरं. पण लास्लो पोल्गारचं जाडजूड पुस्तक बघ, ज्यात ५३३४ कोडी आणि डाव आहेत. १९९४ मध्ये आलं. त्यातली ३४१२ कोडी दोन खेळींत मातीची आहेत. पानंच्या पानं नुसती चित्रांची. काय करायचं ते मुलाला एकदा कळलं की पुढे चित्रांवर चित्रं सोडवत जायचं. म्हणजे एक सूचना हजारो चित्रांना पुरते. आता याच्या उलट करून बघ, चित्र एकही नाही आणि सूचना ३४१२ वेळा छापली. काय हाती लागेल? चित्राला सूचना लागते, पण कुठलीही सामायिक सूचना चालते. सूचनेला मात्र तिचं स्वतःचंच चित्र लागतं.

मृणाल : बरं, हा वाद बाजूला ठेवू. मला कामाचं सांगा. चित्र खरंच गेलंय, हे आधी कसं ठरवायचं? मला एक शंका आहे. जुन्या श्रीलिपीतली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की मराठीच्या जागी अगम्य अक्षरं दिसतात. मजकूर मात्र तिथेच असतो, फक्त फाँट नसतो. बुद्धिबळाच्या चित्रांचंही तसं होतं का?

काका : होतं तर! बरीच पुस्तकं बुद्धिबळाच्या खास फाँटमध्ये लावलेली असतात. एकेका अक्षराच्या जागी एकेक घर किंवा सोंगटी उमटते. फाँट नसला की चित्राच्या जागी अक्षरांच्या आठ विचित्र ओळी दिसतात. माणूस त्यांना कचरा समजून पुसून टाकतो आणि चित्र खरंच जातं. तुझ्या चौकटीत तशी अक्षरं आहेत का?

मृणाल : नाही, पूर्ण रिकामी आहे. तिथे छायाचित्र असणार.

काका : मग दुसरं बघ. चौकटीखाली कंसात काही आकडे आहेत का? कोड्यांच्या मासिकांत चित्राखाली सोंगट्यांची मोजणी छापतात. आधी पांढऱ्या, मग काळ्या. मॉर्फीच्या चित्राखाली (३+४) असं येईल. छपाईत सोंगटी गळाली तर वाचकाला लगेच कळतं.

मृणाल : तेही नाही. पण समजा असतं, आणि उत्तराच्या पानावर ‘हत्ती ए-६’ एवढंच मिळालं असतं, तर तुम्ही ओळखलं असतंत?

काका : (३+४) आणि हत्ती ए-६ म्हटल्यावर मला मॉर्फी आठवला असता. पण ते आठवणं झालं, शोधणं नव्हे. तीन आणि चार सोंगट्यांचं दुसरं एखादं कोडं असेल, त्यातही हत्ती ए-६ वर जात असेल. आठवलेला पट मांडून, तुझ्या चारही अटी लावून बघितल्या असत्या, आणि तरीही छापताना ‘बहुधा हेच’ असं लिहिलं असतं.

मृणाल : तुम्हीही माझी चाळणी वापरलीत म्हणजे.

काका : पीठ मिळाल्यावर! आता पुढच्या आवृत्तीत हे होऊ नये म्हणून काय करायचं, ते सांगतो. प्रत्येक चित्राखाली पट अक्षरांत लिहून ठेव. ही पद्धत मूळची डेव्हिड फोर्सिथ नावाच्या स्कॉटिश पत्रकाराची, १८८३ च्या सुमाराची. पुढे १९९० च्या दशकात स्टीव्हन एडवर्ड्सने ती संगणकासाठी वाढवली, आणि आज बुद्धिबळाच्या जवळजवळ सगळ्या प्रोग्रॅमना ती कळते. मॉर्फीचा अख्खा पट एवढ्यात मावतो:

```
kbK5/pp6/1P6/8/8/8/8/R7 w - - 0 1
```

मृणाल : वाचून दाखवा.

काका : वरच्या डाव्या कोपऱ्यापासून, म्हणजे ए-८ पासून सुरुवात. एकेक आडवी ओळ, मधे तिरकी रेघ. मोठी अक्षरं पांढऱ्याची, छोटी काळ्याची, आकडा म्हणजे सलग तेवढी रिकामी घरं. पहिल्या ओळीत काळा राजा, काळा उंट, पांढरा राजा आणि पाच रिकामी. दुसरीत दोन काळी प्यादी आणि सहा रिकामी. तिसरीत एक रिकामं, मग पांढरं प्यादं, मग सहा रिकामी. पुढच्या चार ओळी साफ रिकाम्या. शेवटी हत्ती आणि सात रिकामी. त्यापुढचं `w` म्हणजे पाळी पांढऱ्याची. पहिली आडवी रेघ म्हणजे किल्लेकोटाचा हक्क कोणाला नाही, दुसरी म्हणजे प्याद्याला जाता जाता मारण्याची खास सोय आत्ता नाही. शेवटचे दोन आकडे खेळ्यांच्या मोजणीचे, कोड्यात त्यांना फारसं महत्त्व नाही.

मृणाल : आणि यात चूक झाली तर कळेल?

काका : प्रत्येक ओळीची बेरीज आठ यायला हवी. एखादं अक्षर गळालं तर सात येते. `kbK5` मधला उंट गळून `kK5` झालं तर लगेच पकडता येतं. पण हत्ती ए-१ ऐवजी ए-३ वर गेला तर बेरीज तीच राहते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मोठी-छोटी अक्षरं. टंकलेखन करणाऱ्याने सवयीने पहिलं अक्षर मोठं केलं की `k` चा `K` होतो, एकाच पटावर पांढऱ्याचे दोन राजे, आणि काळ्याचा एकही नाही.

मृणाल : म्हणून मोजणीही हवी.

काका : तीन गोष्टी हव्यात: चित्र, अक्षरांची ओळ आणि कंसातली मोजणी. एक बिघडलं तर दुसऱ्यावरून दुरुस्त करता येतं. आणि चौथी गोष्ट, चित्राच्या कडेला ए ते एच आणि १ ते ८ छापायचं. नाहीतर एखादा पट उलटा लावतो. मॉर्फीचा पट उलटा धरलास तर बी-७ चं काळं प्यादं जी-२ वर येतं आणि पांढरा राजा एफ-१ वर. काळं प्यादं खालच्या दिशेने मारतं, म्हणजे पांढरा राजा शहात. मूळ पटावर त्याच प्याद्याचा राजाला काही त्रास नव्हता. सोंगट्यांची आपसातली जागा तीच, पण कोडं पार बदललं.

मृणाल : हे सगळं पुढच्या कोड्यांसाठी. सतराचं मी काय करू?

काका : खोड.

मृणाल : ऐका तर. मुलांना रिकामा पट देते आणि सांगते, या ओळीला शोभेल असा पट तुम्हीच रचा. सोंगट्या सातपेक्षा जास्त नकोत. मग चारही अटींनी तपासा.

काका : ते कोडं सोडवणं नव्हे, कोडं रचणं आहे. दोन्ही वेगळी कामं. सोडवणाऱ्याला एक उत्तर शोधायचं असतं, रचणाऱ्याला बाकीची सगळी उत्तरं बंद करायची असतात. दुसरं काम कितीतरी अवघड आहे. मुलं पहिल्या दिवशी वजीर आणि दोन हत्ती ठेवतील, आणि मात चार वेगवेगळ्या खेळ्यांनी होईल.

मृणाल : होऊ दे. मग त्यांना एकेक सोंगटी काढून बघायला सांगा. काढूनही मात होत असेल तर ती सोंगटी फुकटची. मॉर्फीच्या पटावर आपण तेच तर केलं. तिथे एकही सोंगटी फुकटची निघाली नाही.

काका : हा सराव चांगला आहे, नाही म्हणणार नाही. पण मग मथळा बदल. ‘दोन खेळींत मात’ असं वर लिहून खाली रिकामी चौकट ठेवलीस, तर एखादं मूल तासभर त्या चौकटीकडे बघत बसेल आणि त्याला वाटेल की आपल्यालाच येत नाही. ‘रचून बघा’ असं लिही, आणि त्याला नंबर देऊ नको. नंबर दिला की उत्तराच्या पानावर त्याची जागा येते, आणि रिकामी जागा दिसली की कोणीतरी ती भरतोच.

मृणाल : आणि एखाद्या परीक्षेत असा प्रश्न आला, चित्राशिवाय?

काका : ‘चित्र नाही, पट सांगा’ असं लिहायचं आणि पर्यवेक्षकाला हात करायचा. अंदाजाने खेळी लिहायची नाही. ती योगायोगाने बरोबर आली तरी त्या मुलाला काही येतं हे त्यावरून सिद्ध होत नाही, आणि चूक आली तरी येत नाही हेही सिद्ध होत नाही. परीक्षकानेही तो प्रश्न रद्दच धरायला हवा.

मृणाल : म्हणजे तुम्ही थोडे माझ्याकडे आलात.

काका : तू निम्मी माझ्याकडे आलीस, असं म्हण.

पुस्तिकेत शेवटी असं ठरलं. सतरा नंबरवर मॉर्फीचं कोडं आलं, चित्र, अक्षरांची ओळ आणि (३+४) या मोजणीसकट. रिकामी चौकट सर्वांत शेवटच्या पानावर गेली, ‘रचून बघा’ या मथळ्याखाली, नंबराशिवाय. मृणालच्या मते त्या ओळीला तिथे जागा मिळाली. काकांच्या मते ओळ गेली आणि तिच्या जागी वेगळाच प्रश्न आला. दोघांचं एकमत एकाच गोष्टीवर आहे. कोड्यांची पानं संगणकावर उतरवणाऱ्या प्रत्येकाने काम संपल्यावर चित्रं आणि सूचना एकदा मोजून पाहाव्यात. दोन्ही आकडे जुळले नाहीत, तर मूळ प्रत टाकून देण्याआधी ते पान पुन्हा उघडावं.